टोनर फिरवायला चार फूट जागा नव्हती: एका फिल्टर प्लांटवरच्या क्लोरीन गळतीचं प्रकरण

हे प्रकरण एका छोट्या नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरण केंद्रावरचं आहे. गावाचं नाव, माणसं आणि काही खुणा बदलल्यात, घटना आणि आकडे तसेच ठेवलेत. मी बरीच वर्षं क्लोरीन भरणाऱ्या आणि वापरणाऱ्या कारखान्यांत मेंटेनन्स आणि सेफ्टीचं काम केलं, आता ट्रेनिंग देतो. घटनेच्या रात्री मी तिथे नव्हतो, पण नंतर नगरपरिषदेने चौकशी आणि सुधारणांसाठी बोलावलं तेव्हा सगळ्यांशी बसून बोललो, लॉगबुक बघितलं, तो प्लगसुद्धा हातात घेऊन बघितला.

पार्श्वभूमी

प्लांट १० एमएलडीचा, म्हणजे दिवसाला एक कोटी लिटर पाणी. टेकडीवर आहे, खाली एक ओढा आणि ओढ्याच्या काठाने साधारण तीन-चारशे मीटरवर वस्ती, अर्धी घरं स्लॅबची आणि अर्धी पत्र्याची. क्लोरीन टोनरमधून घेतात. ज्यांनी टोनर बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, आडवा ठेवायचा, पिवळ्या रंगाचा, सात फूट लांब आणि अडीच फूट व्यासाचा मोठा सिलेंडर, आत ९०० किलो क्लोरीन द्रवरूपात, आणि लोखंडासकट सगळं वजन दीड टनाच्या आसपास. एका टोकाला दोन व्हॉल्व्ह असतात, ते एकावर एक उभ्या रेषेत ठेवले की वरच्यातून गॅस येतो आणि खालच्यातून द्रव. याशिवाय दोन्ही टोकांना तीन-तीन फ्युजिबल प्लग असतात, म्हणजे आगीत टोनर तापला तर साधारण ७० डिग्रीच्या पुढे वितळून गॅस सोडणारे, जेणेकरून टोनर फुटू नये.

या प्लांटला क्लोरीन लागतं किती बघा. डोस २ पीपीएम, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम, धरला तर १० एमएलडीला दिवसाचे २० किलो, पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की ४ पीपीएम, म्हणजे ४० किलो. एक टोनर एरवी दीड महिना आणि भर पावसाळ्यात तीन आठवडे सहज पुरतो. पण आवारात भरलेले टोनर होते चार! कारण सोपं आहे, पूर्ण गाडी मागवली की वाहतूक स्वस्त पडते आणि टेंडरचं एक बिल एकदाच निघतं, त्यामुळे मेमध्येच पावसाळ्यासकट पुढचा सगळा स्टॉक भरून घेतला होता. कागदावर ही बचत होती, प्रत्यक्षात वस्तीच्या डोक्यावर ३६०० किलो क्लोरीन आणून ठेवलं होतं. जुना स्टॉक विसरला की काय होतं ते मुंबईने २०१० मध्ये बघितलंय, शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षं पडून असलेल्या सिलेंडरांमधून क्लोरीन सुटलं आणि कितीतरी लोकांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं.

टोनर उतरवले कसे तेही सांगायला हवं. शेडला चेनब्लॉकचा गर्डर आहे पण चेनब्लॉक बिघडलेला, मग गाडी मागे लावून खाली जुने टायर टाकले आणि टोनर फळीवरून सोडले. हे बऱ्याच ठिकाणी चालतं आणि बहुतेक वेळा काही होत नाही कारण टोनरची टोकं आत दबलेली असतात, प्लग आणि व्हॉल्व्ह त्या खोलगटात सुरक्षित राहतात, पण त्यामुळेच लोकांना वाटतं की चालतंय. उतरल्यावर टोनर रोलरवर न ठेवता जमिनीवरच एका ओळीत लावले आणि दोन्ही बाजूंनी विटांची अडण लावली. ओळीतला शेवटचा टोनर शेडच्या कडेला, पत्र्याची पन्हाळ जिथे फुटलेली होती नेमका तिथे. जून-जुलैचा सगळा पाऊस त्या पन्हाळीतून टोनरच्या टोकावर पडत राहिला. आणि त्याच्या पलीकडे जी चार-पाच फूट जागा होती तिथे जुनी मोटर, पंपाचं केसिंग आणि पाईपचे तुकडे.

वापरायला घेतले ते आतल्या बाजूचे, कारण ते पिगटेलच्या जवळ, म्हणजे क्लोरिनेटर या गॅस मोजून पाण्यात सोडणाऱ्या यंत्राला टोनर जोडणाऱ्या नळीच्या जवळ. त्यामुळे कडेचा टोनर तसाच राहिला.

गळती आधी कळली होती का

कळली होती, असंच म्हणावं लागेल. घटनेच्या दोन दिवस आधी सकाळच्या शिफ्टच्या ऑपरेटरने लॉगबुकात लिहिलंय, "टोनर शेडजवळ क्लोरीनचा वास." पुढच्या शिफ्टने क्लोरिनेटर रूममधलं पिगटेल चेक केलं, लेड वॉशर बदलला, वास कमी वाटला आणि विषय संपला. टोनरच्या मागच्या टोकाकडे कोणी गेलंच नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात गळती म्हणजे व्हॉल्व्ह किंवा जॉइंट.

इथे क्लोरीनचा एक स्वभाव माहीत असायला पाहिजे. कोरडं क्लोरीन लोखंडाला फारसं काही करत नाही, म्हणून तर ते लोखंडी टोनरमध्ये भरता येतं. पण ओलाव्याला भेटलं की त्याचं आम्ल होतं आणि मग ते धातू खायला लागतं. प्लगच्या आट्यांमधून अगदी बारीक, वासापुरती गळती असेल आणि वरून पन्हाळीचं पाणी टपकत असेल तर गळतीच्या तोंडाशीच आम्ल तयार होतं, आटे झिजतात, भोक मोठं होतं, जास्त गॅस येतो, जास्त आम्ल होतं. क्लोरीनची छोटी गळती छोटी राहत नाही ती यामुळे. पहिल्या दिवशी जे काम सप्लायरच्या माणसाकडून सरळ प्लगवर लोखंडी टोपी, म्हणजे हूड, बसवून झालं असतं, ते तिसऱ्या रात्री तसं होणार नव्हतं.

शोधायची पद्धत अगदी साधी आहे. अमोनियाच्या तीव्र द्रावणात काडीला गुंडाळलेला कापूस बुडवायचा आणि प्रत्येक जॉइंट, व्हॉल्व्ह, प्लग यांच्या जवळून फिरवायचा, लावायचा नाही, फक्त वाफ जाऊ द्यायची. क्लोरीन असेल तिथे पांढरा धूर उठतो. प्लांटवर अमोनियाची बाटली होती, पण झाकण सैल राहून त्यातला अमोनिया कधीच उडून गेला होता, म्हणजे बाटलीत नुसतं पाणी. वॉशर बदलल्यावर त्या बाटलीने टेस्ट घेतली आणि धूर आला नाही म्हणून सगळं ठीक आहे असं लिहिलं. टेस्ट घ्यायच्या आधी बाटलीचं बूच उघडून अमोनियाचा वास येतोय का बघायचा, एवढंच.

त्या रात्री

ऑगस्टची रात्र, रिपरिप पाऊस, वारा जवळपास नाही. अडीचच्या सुमाराला ऑपरेटरला फिल्टर हाऊसमध्ये खोकला यायला लागला. बाहेर येऊन बघितलं तर शेडच्या कडेला पांढुरकं-पिवळट धुकं जमिनीलगत पसरलेलं आणि ओढ्याच्या दिशेने उतरत होतं. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड, त्यात द्रव बाहेर येताना उणे ३४ डिग्रीला उकळतो म्हणजे ढगही थंडगार, तो वर जाणार नाही, उतार धरून खालीच जाणार.

ऑपरेटर तोंडाला ओला टॉवेल बांधून शेडकडे गेला, आतल्या चालू टोनरचा व्हॉल्व्ह बंद केला, आणि तरीही आवाज थांबला नाही तेव्हा त्याला कळलं की गळती दुसरीकडे आहे. ओला टॉवेल क्लोरीनला थोडाफारच अडवतो, तो पाच-सात श्वासांपलीकडे तिथे राहू शकला नाही. बाहेर पडताना टॉर्चच्या उजेडात त्याने एक गोष्ट बघितली जी पुढे फार उपयोगी पडली: कडेच्या टोनरच्या टोकाला, तळाच्या बाजूला बर्फ जमलेलं होतं आणि खाली काहीतरी थेंब थेंब उडत होतं.

बर्फ म्हणजे द्रव गळतोय. गॅसची गळती असती तर एका ठिकाणी एवढं गच्च बर्फ इतक्या लवकर धरलं नसतं.

मास्क कुठे होता? क्लोरिनेटर रूममधल्या कपाटात. इमर्जन्सी किट? टोनर शेडच्याच आतल्या भिंतीला, कुलूपबंद. म्हणजे जिथे गॅस सुटणार तिथेच गॅस थांबवायचं सामान. वॉचमन मामांनी फाटकाजवळच्या फोनवरून पाणीपुरवठा अभियंत्यांना उठवलं, त्यांनी फायर ब्रिगेड आणि पोलीस स्टेशनला कळवलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाळीस किलोमीटरवरच्या एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीच्या म्युच्युअल एड ग्रुपला, म्हणजे अशा वेळी दुसऱ्यांच्या मदतीला जाणाऱ्या टीमला, फोन केला. तो नंबर त्यांच्याकडे होता कारण वर्षापूर्वी एका मॉकड्रिलला ते स्वतः गेले होते, प्लांटवरच्या बोर्डावर तो नव्हता.

समोर काय पर्याय होते

पावणेतीनपर्यंत फाटकापाशी, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, अभियंता, फायर ऑफिसर, चार फायरमन, दोन पोलीस आणि खोकणारा ऑपरेटर असे जमले. जे बोललं गेलं ते मी नंतर प्रत्येकाकडून वेगवेगळं ऐकलंय आणि बऱ्यापैकी जुळतं.

पहिली सूचना बंबातून पाणी मारायची. ढग दिसतोय, बंब उभा आहे, हात शिवशिवतात, समजू शकतो. पण पाणी गळतीवर पडलं की वर सांगितलं तसं आम्ल होऊन भोक वाढतं, आणि दुसरं म्हणजे टोनर त्या वेळी स्वतःच गार होत होता. द्रव बाहेर उडताना उष्णता घेऊन जातो, टोनर थंड पडतो, आतलं प्रेशर उतरतं, गळती आपोआप थोडी मंदावते. त्यावर २५ डिग्रीचं पाणी ओतणं म्हणजे त्याला ऊब देणं. फायर ऑफिसरांना हे माहीत होतं. त्यांनी पाण्याचा फवारा टोनरपासून लांब, ओढ्याच्या तोंडाशी, पडद्यासारखा धरला, वाहणारं पाणी शेडकडे जाणार नाही असं बघून. क्लोरीन पाण्यात कमीच विरघळतं, पण फवाऱ्याने हवा ढवळली जाते आणि ढग पातळ होतो, तेवढाच फायदा.

दुसरा पर्याय, टोनर ढकलून न्यूट्रलायझेशन पिटमध्ये, म्हणजे कॉस्टिकच्या पाण्यात बुडवून क्लोरीन मारायच्या खड्ड्यात, टाकायचा. पिट होता, त्यात पावसाचं पाणी आणि पालापाचोळा. स्टोअरमध्ये कॉस्टिक सोड्याच्या ५० किलोच्या तीन गोण्या. एक किलो क्लोरीन मारायला हिशोबाने सव्वा किलोच्या जवळपास कॉस्टिक लागतं, कागदावर १.१३ किलो येतं पण तेवढ्यावर भागत नाही. म्हणजे १५० किलोत फार तर सव्वाशे किलो क्लोरीन जिरलं असतं आणि टोनरमध्ये होतं ९००. नुसत्या पाण्यात टाकला असता तर पाण्याच्या उबेने गळती वाढली असती आणि आम्लाने टोनर खाल्ला असता, वर क्लोरीन जाऊन हलका झाला की तो तरंगायचीही शक्यता. हा पर्याय अभियंत्यांनी दोन मिनिटांत रद्द केला, योग्यच केलं.

तिसरा, क्लोरिनेटरला जोडून ओढून घ्यायचा. क्लोरिनेटर ताशी ४ किलोचा. ९०० ला ४ ने भागा, सव्वादोनशे तास. प्रेशर थोडं उतरायला मदत, बाकी काही नाही, आणि त्यासाठी शेडमध्ये जाऊन पिगटेल जोडावं लागणार.

चौथा, टोनर फिरवायचा. गळका प्लग तळाला होता म्हणून द्रव येत होता. टोनर अर्धा फेरा फिरवून तोच प्लग सगळ्यात वर आणला की त्याच भोकातून गॅस येईल, आणि वजनात मोजलं तर गॅसची गळती द्रवाच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी. पण भरलेल्या टोनरमध्ये वरचा थोडासाच भाग गॅसचा असतो, त्यामुळे प्लग अंदाजे वर आणून चालत नाही, बारा वाजता काटा जिथे असतो तिथेच यावा लागतो. आणि टोनर जमिनीवर होता. व्यास अडीच फूट म्हणजे घेर जवळपास आठ फूट, अर्धा फेरा म्हणजे चार फूट लोळवणं. त्या चार फुटांत मोटर आणि पाईप पडलेले. टोनर रोलरवर असता तर जागच्या जागी पहारीने फिरला असता.

पाचवा, हूड. प्लगवर लोखंडी टोपी बसवून यंत्राने आवळायची. त्याचं किट शेडच्या आत. पण द्रव उडत असताना हूड बसवणं खूप अवघड, आधी गॅसवर आणायचा आणि मग हूड, असाच क्रम.

थांबायचा निर्णय

मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी जागा ही. फायर ब्रिगेडकडे पाठीवर हवेची बाटली घेऊन मास्कमधून श्वास घ्यायचे बीए सेट दोन. एक पूर्ण भरलेला ३०० बारचा, दुसऱ्याचा काटा १८० वर, मागच्या महिन्यात विहिरीत वापरला आणि भरून आणायचा राहिला.

हवेचा हिशोब करू. सहा लिटरची बाटली, ३०० बार, म्हणजे १८०० लिटर हवा. शिट्टी वाजते ५० बारला, ती हवा फक्त बाहेर पडण्यासाठी, म्हणून ३०० लिटर बाजूला. उरले १५००. मध्यम काम करणाऱ्या माणसाला मिनिटाला ४० लिटर धरतात म्हणून बाटलीवर ४५ मिनिटं लिहिलेलं असतं, पण दीड टनाचा टोनर पहारीने हलवणारा माणूस मिनिटाला ६० लिटर आरामात ओढतो, म्हणजे २५ मिनिटं. दुसरी बाटली: १८० बार, १०८० लिटर, राखीव वजा जाता ७८०, म्हणजे १३ मिनिटं. त्यात आत जायला दोन, यायला दोन. नऊ मिनिटांत अंधारात मोटर हलवून टोनर फिरवायचा, आणि आत काही झालं तर काढायला जाणाऱ्यासाठी तिसरा सेट नाही.

पोलिसांचा आणि नंतर तिथे पोहोचलेल्या एका नगरसेवकांचा आग्रह होता की "वस्तीत लोक गुदमरतायत, तुम्ही आत जात का नाही?" फायर ऑफिसर म्हणाले, "दोन पूर्ण सेट आतल्यांना आणि एक बाहेर राखीव, हे झाल्याशिवाय माझा माणूस आत जाणार नाही, तोपर्यंत वस्ती हलवू." एमआयडीसीची टीम साडेचारला पोहोचली. नंतरच्या वजनावरून आम्ही हिशोब लावला तेव्हा गळती ताशी शंभर किलोच्या आसपास होती, म्हणजे या दीड-पावणेदोन तासांच्या थांबण्याची किंमत दीडशे-पावणेदोनशे किलो क्लोरीन.

नंतर त्यांच्यावर टीका झाली. माझ्या मते निर्णय बरोबर होता, कारण नऊ मिनिटांत ते काम होणारं नव्हतं आणि आत दोन माणसं पडली असती तर उरलेले सगळे त्यांच्या मागे पळाले असते. चूक पावणेतीनला झाली नाही, ती महिनाभर आधी झाली, बाटली १८० वर परत रॅकला लावली तेव्हा.

वस्ती हलवताना

पहिली अनाउन्समेंट देवळाच्या स्पीकरवरून झाली: "गॅस सुटला आहे, सर्वांनी ताबडतोब घराबाहेर पडा." कुठे जायचं ते सांगितलंच नाही. लोक सवयीने ओढ्याकडच्या रस्त्याने निघाले कारण तोच मोठा रस्ता, म्हणजे ढग जिथे साचत होता तिथेच. दहा-बारा मिनिटांनी एका हवालदारांच्या लक्षात आलं, त्यांनी रस्ता अडवला आणि स्पीकरवरून पुन्हा सांगितलं, "ओढ्याकडे येऊ नका, शाळेच्या टेकाडावर जा." ज्यांना त्रास झाला त्यातले बरेचसे त्या पहिल्या दहा मिनिटांतले.

स्लॅबच्या पक्क्या घरातल्या लोकांना खरं तर घरातच थांबवता आलं असतं, दारं-खिडक्या बंद, फटींना ओली फडकी, पंखा-कूलर बंद आणि शक्य असेल तर वरच्या मजल्यावर. पत्र्याच्या घरांत हे चालत नाही, तिथे कौलाखालून-पत्र्याखालून हवा येतच राहते, त्यांना आधी हलवायला हवं होतं. एकाच अनाउन्समेंटमध्ये दोघांना वेगवेगळं सांगणं अवघड आहे हे मान्य, पण दिशा तरी सांगता येते: उंचावर, आणि वाऱ्याला आडवं.

काय केलं

पावणेपाचला दोघं आत गेले, पहिल्या फेरीत फक्त मोटर, केसिंग आणि पाईप ओढून बाजूला केले आणि बाहेर आले. हे मला आवडलं, एकाच फेरीत सगळं उरकायचा हट्ट केला नाही. बाटल्या बदलून दुसऱ्या फेरीत विटा काढल्या, पहारी लावून टोनर लोळवला, प्लग वर आला आणि पुन्हा अडण लावली. पाच वाजून दहा मिनिटांनी आवाज बदलला, फरफर थांबून बारीक शिट्टी राहिली, खालचं धुकं विरळ व्हायला लागलं.

किटमधल्या हूडचा गॅस्केट वाळून तडकलेला होता आणि चेन नव्हती. एमआयडीसीच्या टीमने स्वतःचं किट आणलेलं म्हणून साडेसहाला हूड बसला, अमोनियाचा कापूस फिरवला, धूर नाही.

गाडीत टाकून नेऊ का

आठ वाजता सप्लायरचा माणूस गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, टोनर टाकतो गाडीत, दुपारपर्यंत आमच्याकडे रिकामा करतो." सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं, तो टोनर नजरेसमोरून जावा असं प्रत्येकाला वाटत होतं. एमआयडीसीच्या टीम लीडरने नाही म्हटलं. हूड ही तात्पुरती सोय आहे, चेनब्लॉक बंद म्हणजे चढवताना पुन्हा धक्के, मग चार गावं आणि एक घाट, आणि वाटेत हूड सैल झाला तर तिथे ना बीए सेट ना वाऱ्याची वरची बाजू निवडायची मुभा. इथे निदान जागा माहीत आहे, माणसं आहेत, वस्ती रिकामी आहे.

त्याऐवजी टोनर तिथेच, हूड वर ठेवून क्लोरिनेटरला जोडला. वजन केलं तर आत ६४० किलो शिल्लक, म्हणजे २६० गेलं. पावसाळी डोस दिवसाला ४०, सोळा दिवसांत संपला. तोपर्यंत रोज तीनदा अमोनिया टेस्ट, आणि राखीव बीए सेट फाटकाच्या खोलीत. शेवटी थोडं प्रेशर शिल्लक ठेवून व्हॉल्व्ह बंद केला, कारण पूर्ण रिकामा केला तर बाहेरची दमट हवा आत जाते आणि पुढच्या भरणीला तोच आम्लाचा खेळ आतून सुरू होतो.

माणसांचं काय

कोणी दगावलं नाही. तीसेक लोकांना डोळे चुरचुरणं, खोकला, उलट्या. ऑपरेटरची गोष्ट मात्र सांगतो. सकाळी त्याला बरं वाटलं, कोणीतरी दूध पाजलं, तो चालत घरी गेला, आणि संध्याकाळी धाप लागून ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्ह्याला. क्लोरीन फुप्फुसात गेल्यावर पाणी भरायला काही तास लागू शकतात, मधल्या वेळात माणूस ठीक दिसतो. म्हणून जास्त गॅस घेतलेल्याला चालवायचं नाही, बसतं ठेवायचं, ऑक्सिजन द्यायचा आणि चोवीस तास दवाखान्यात नजरेखाली ठेवायचं. दुधाने काही होत नाही. तो चार दिवसांनी घरी आला.

वेगळं काय करता येईल

प्लग काढून बघितला तेव्हा खालच्या अंगाचे आटे जवळजवळ गेलेले, भोक दीड मिलीमीटरच्या आतलं. टोनर भरताना टेस्टची तारीख शिल्लक होती, क्लोरीनच्या टोनरला दर दोन वर्षांनी टेस्ट लागते, म्हणजे कागद चोख. कागदावरून हा प्लग सापडला नसता, शेडमध्ये मागच्या टोकाला जाऊन बघणाराच शोधू शकला असता.

मी जे सुचवलं त्यातलं पन्हाळ, रोलर, चेनब्लॉक आणि मागची जागा मोकळी ठेवणं हे महिन्याभरात झालं. बीए सेट आणि किट आता फाटकाच्या खोलीत आहेत, म्हणजे शेडच्या वरच्या अंगाला, आणि काटा २७० च्या खाली आला की बाटली भरायला जाते. सगळ्यात आधी आलेला टोनर सगळ्यात आधी, हे खडूने टोनरवरच तारीख लिहून पाळतात. स्टॉक चारवरून दोनवर आला, त्यासाठी मात्र टेंडरची भाषा बदलावी लागली आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ गेला.

एका गोष्टीवर अभियंत्यांचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. त्यांचं म्हणणं, टोनर बंद करून १०० किलोचे सिलेंडर घेऊ, एक फुटला तरी १०० किलोच. मला ते अर्धंच पटतं. छोट्या सिलेंडरमधून ताशी एक किलोच्या आसपासच गॅस निघतो, जास्त ओढला तर सिलेंडर गार पडून प्रेशर बसतं. पावसाळ्यात यांना ताशी पावणेदोन किलो लागतो, म्हणजे किमान दोन सिलेंडर एकावेळी जोडलेले आणि पाच दिवसांनी दोन्ही बदलायचे. आता महिन्यातून एकदा होणारी जोडणी तेव्हा महिन्याला बाराएक वेळा होईल, आणि रोजच्या बारीक गळत्या या जोडणीच्या वेळीच होतात, नवा लेड वॉशर न टाकता जुनाच वापरला की झालं. मोठी पण क्वचित, की छोटी पण वारंवार, असा तो हिशोब आहे. सध्या त्यांनी सोडियम हायपोक्लोराइटचं कोटेशन मागवलंय, त्याला टाकी आणि डोसिंग पंप लागेल आणि उन्हाळ्यात त्याची ताकद साठवणीतच उतरत जाते, ते आकडे आले की पुन्हा बसणार आहोत.